फोटोतल्या तेरजेची नावे-जमा बेरीज कशी जुळवावी

एप्रिल लागला की माझ्या फोनवर वह्यांचे फोटो यायला सुरुवात होते. आमच्या तालुक्यातले बरेच छोटे दुकानदार अजून हाताने लिहितात. कीर्द, खतावणी आणि वर्षाअखेरीला तेरजेचं एक पान, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी. पूर्वी ते पान घेऊन माणूस यायचा, आता फोटो येतो. सोबत एक ओळ असते: "ताई, तेरीज पाठवलीय, काकांनी जुळवलेलीच आहे."

मी आकडे संगणकावर उतरवून घेते, बेरीज करते, आणि ती जुळत नाही. अशा वेळी हात लगेच फोनकडे जातो, पण काकांना फोन लावण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. चूक पानावर आहे, की पान वाचण्यात? दोन्ही चुका संगणकावर सारख्याच दिसतात, पण त्या शोधायच्या जागा वेगळ्या आहेत. पानावरची चूक खतावणीत सापडते. वाचण्यातली चूक फोटोतच सापडते, तेही बहुतेक वेळा पाच मिनिटांत. खाली आहे ते सगळं या दोन चुका वेगळ्या करण्याबद्दल.

फोटो वाचण्याजोगा आहे का

फोटो आल्यावर पानावरची सगळ्यात लहान रक्कम शोधा आणि ती मोठी करून पाहा. तिच्यातला स्वल्पविराम स्पष्ट दिसत असेल तर फोटो चालेल. स्वल्पविराम आणि टिंब यात फरक कळत नसेल, तर पुढची मेहनत करू नका, दुसरा फोटो मागवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, त्याची बारकाई जाते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून जोडला तर मूळ फोटो येतो. हे मी प्रत्येकाला वर्षातून एकदा तरी सांगतेच.

दुसरी गोष्ट कडांची. पहिली आणि शेवटची ओळ, आणि शिवणीकडचा रकाना. जाड वही उघडी ठेवून फोटो काढला की शिवणीजवळचे आकडे आत वळतात आणि रकमेचा शेवटचा आकडा दिसतच नाही. पान धरणाऱ्याचा अंगठा हमखास बेरजेच्या ओळीवर असतो. पान मोठं असेल तर वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन फोटो घ्यायला सांगा, पण दोन्हींत तीन ओळी सामाईक हव्यात. सामाईक ओळी नसल्या तर मधली एखादी ओळ दोन्ही फोटोंतून सुटते आणि कुणालाच पत्ता लागत नाही.

फोटो तिरका असेल तर उतरवण्याआधी फोनमध्येच दोन-तीन अंश फिरवून आडव्या रेघा सरळ करून घ्या. ही टापटीप नाही. खात्याचं नाव डावीकडे आणि रक्कम उजवीकडे, मध्ये वीतभर कोरी जागा. रेघ तिरकी असली की डोळा वरच्या नाहीतर खालच्या ओळीत घसरतो.

आधी लिपी ठरवा, मग आकडे वाचा

हाताने लिहिलेल्या वहीत मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच पानावर येतात. तारीख इंग्रजीत, रकमा मराठीत. कधी काकांनी अर्धं पान लिहिलेलं आणि पुतण्याने उरलेलं. म्हणून पान हातात आलं की पहिला प्रश्न: रकमांचे आकडे कोणत्या लिपीतले? कारण मराठी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो, मराठी ४ घाईत लिहिला की इंग्रजी 8 होतो, मराठी ५ हा इंग्रजी 4 सारखा, आणि मराठी ७ पटकन इंग्रजी 6 वाटतो. एका माणसाचं अक्षर ओळखायला त्याच पानावरचा असा आकडा शोधा, ज्याच्याबद्दल शंका नाही. तारखेतलं वर्ष किंवा पानाचा क्रमांक पुरतो.

लिपी कळल्यावरही काही जोड्या फसव्याच राहतात. मराठीत १ आणि ९. पेन फिकं चाललं की ९ चा डावीकडचा बाक उमटत नाही आणि उरतो तो १. इंग्रजीत 1 आणि 7, 3 आणि 8, 0 आणि 6.

रकमेच्या शेवटी '/-' लिहायची पद्धत अजून आहे. त्यातली तिरकी रेघ १ म्हणून वाचली गेली की पाच हजारांचे पन्नास हजार एक होतात. स्वल्पविराम इथे पहारेकऱ्याचं काम करतो. शेवटच्या स्वल्पविरामानंतर तीनच आकडे हवेत आणि त्याच्या डावीकडे दोन-दोनचे गट. ५,०००१ किंवा १,४५,०० असं काही दिसलं तर एक आकडा जास्त आला आहे किंवा गळला आहे. पैशांचा वेगळा रकाना आखलेला असेल तर मधली उभी रेघ फोटोत फिकी पडते आणि ४५०० रुपये ५० पैसे हे ४५००५० होऊन बसतात. तिथेही हीच खूण कामाला येते.

उतरवताना

एका ओळीत एक खातं. तीन रकाने: नाव, नावे, जमा. ज्या खात्याला जमा रक्कम नाही तिथे जमेचा चौकोन कोरा ठेवा, शून्य भरू नका. का ते थोडं पुढे येईल. पानावर लिहिलेली बेरीज खाली वेगळ्या ओळीत लिहा आणि ती आपल्या बेरजेत धरू नका. पान पुढे चालू असेल तर 'मागील पानावरून' ही ओळ म्हणजे नवीन खातं नव्हे. दोन्ही पानांची खाती एकाखाली एक उतरवत असाल तर ती ओळ सोडून द्या, नाहीतर अख्खं पहिलं पान दोनदा मोजलं जाईल.

समजा खाती दुसऱ्या ओळीपासून सतराव्या ओळीपर्यंत आहेत, अठराव्या ओळीत आपली बेरीज आणि एकोणिसाव्या ओळीत पानावरची. मग नावे रकान्यासाठी एवढंच लागतं:

```
=SUM(B2:B17)
=B18-B19
=COUNT(B2:B17)
=COUNTA(B2:B17)
```

जमेसाठी B च्या जागी C. शेवटची दोन सूत्रं कशाला, असं वाटेल. फोनमधली मजकूर उचलायची सोय वापरून रकमा चिकटवल्या असतील तर त्यातल्या काही संगणकाच्या लेखी रकमा नसतातच, नुसता मजकूर असतो. रकमेपुढे राहिलेली मोकळी जागा, आकड्यांत घुसलेलं एखादं अक्षर किंवा देवनागरी आकडे, काहीही कारण पुरतं. `SUM` अशा चौकोनाबद्दल तक्रार करत नाही, गुपचूप वगळतो. `COUNT` फक्त खऱ्या रकमा मोजतो आणि `COUNTA` भरलेले सगळे चौकोन. दोन्ही आकडे सारखे आले नाहीत, तर बेरजेकडे बघण्यात अर्थ नाही. आधी ते मजकुराचे चौकोन हाताने टंकून घ्या.

मजकूर उचलण्याच्या सोयीबद्दल आणखी एक. ती कोऱ्या जागा जपत नाही. तेरजेत प्रत्येक ओळीत एक बाजू कोरी असते. मजकूर उचलला की दोन्ही बाजूंच्या रकमा एकाच रांगेत येतात आणि कोणती कुठली ते आपल्याला फोटो बघूनच लावावं लागतं. सोळा-सतरा ओळींच्या पानाला हाताने टंकणंच लवकर होतं, असं माझं मत आहे.

दोघं मिळून काम करत असाल, एक वाचतोय आणि एक टंकतोय, तर रक्कम शब्दांत वाचू नका. मराठीत 'अडुसष्ट' म्हणताना आठ आधी येतो आणि सहा नंतर, लिहिताना उलट. ऐकणाऱ्याच्या बोटांतून ८६ निघायला वेळ लागत नाही. 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' तर पंख्याच्या आवाजात सारखेच ऐकू येतात. "सहा, आठ, नऊ, चार, शून्य" असं एकेक आकडा वाचा.

नावे विरुद्ध जमा ही तुलना सगळ्यात शेवटी

बहुतेक जण इथे चुकतात. दोन्ही बेरजा आल्या की लगेच एकीतून दुसरी वजा करतात आणि त्या फरकाच्या मागे लागतात. फोटोवरून वाचलेल्या पानाला हे लागू पडत नाही, कारण तो फरक दोन्ही बाजूंच्या चुकांची खिचडी असतो.

आपल्याकडे चार बेरजा आहेत. पानावरची नावे, पानावरची जमा, आपली नावे आणि आपली जमा. आधी प्रत्येक रकाना त्याच्याच पानावरच्या बेरजेशी ताडून पाहा. आपली नावे बेरीज आणि पानावरची नावे बेरीज जुळली, तर तो रकाना बहुधा नीट वाचला गेला आहे. नाही जुळली तर चूक त्याच रकान्यात आहे, दुसऱ्यात शोधायची गरज नाही. दोन्ही रकाने आपापल्या बेरजेशी जुळले की मगच पानावरच्या दोन बेरजा एकमेकींशी जुळतात का ते पाहायचं.

पानावरची बेरीज हीसुद्धा आपण फोटोवरूनच वाचलेली असते, हे विसरायचं नाही. एका रकान्यात फरक आला की पहिल्यांदा ती बेरीज पुन्हा वाचा. तिच्याखाली दुहेरी रेघ असते आणि कधीकधी ती रेघच आकड्यांना चिकटते.

एक पान, सुरुवातीपासून

हे एका स्टेशनरी दुकानाचं ३१ मार्चचं पान. रकमा बदलल्या आहेत, चुका मात्र खऱ्याच घडलेल्या आहेत. मराठी आकडे, एकहाती अक्षर, फोटो किंचित तिरका. मी पहिल्या वाचनात उतरवलं ते असं:

| खाते | नावे | जमा |
|---|---|---|
| भांडवल | | २,५०,००० |
| उचल | ६०,००० | |
| रोख शिल्लक | १८,४५० | |
| बँक शिल्लक | ६२,३१५ | |
| बँकेचे कर्ज | | १,००,००० |
| सुरुवातीचा माल | १,४५,००० | |
| खरेदी | ५,३८,७२० | |
| विक्री | | ७,८६,४५० |
| फर्निचर | ८५,००० | |
| गिऱ्हाइकांकडून येणे | ७४,६९० | |
| व्यापाऱ्यांचे देणे | | ६९,८४० |
| दुकानभाडे | १६,००० | |
| पगार | १,०८,००० | |
| वीजबिल | १४,२८५ | |
| मिळालेले कमिशन | ६,२०० | |
| वाहतूक | ९,१३० | |
| माझी बेरीज | ११,३७,७९० | १२,०६,२९० |
| पानावरची बेरीज | १२,११,५९० | १२,११,५९० |

पानावर काकांच्या दोन्ही बेरजा जुळलेल्या आहेत. माझ्या दोन बेरजांमध्ये ६८,५०० चा फरक आहे. या ६८,५०० ला काही अर्थ नाही. तेवढी रक्कम पानावर नाही, तिची निम्मी ३४,२५० ही नाही, आणि तिला नऊने भाग जात नाही. याच्यावरच अडून बसले असते तर संध्याकाळ गेली असती.

पहिलं पाऊल मोजणीचं. रकमा न वाचता फोटोत नुसते चौकोन मोजले. नावे बाजूला अकरा भरलेले, जमा बाजूला पाच. माझ्या तक्त्यात `COUNT` ने नावे बारा आणि जमा चार दाखवले. म्हणजे एक रक्कम बाजू बदलून बसली आहे. कोरे चौकोन शून्याने भरायचे नाहीत ते यासाठीच. शून्यं भरली असती तर दोन्हीकडे सोळा-सोळा आले असते आणि ही खूण हातची गेली असती.

बाजू बदललेली रक्कम शोधायला नावांकडे पाहिलं की पुरतं. 'मिळालेले कमिशन' हे उत्पन्न, ते नावे बाजूला काय करतंय? फोटोत पाहिलं तर ते जमेतच होतं. वर पगार आणि वीजबिल, खाली वाहतूक, सगळे खर्च नावे बाजूला. त्या ओघात माझं बोट त्याच रकान्यात राहिलं. ६,२०० उचलून जमेत टाकल्यावर नावे ११,३१,५९० आणि जमा १२,१२,४९० झाली.

आता प्रत्येक रकाना आपल्या बेरजेशी. नावे बाजू पानापेक्षा ८०,००० ने कमी. जमा बाजू पानापेक्षा ९०० ने जास्त. दोन्ही फरक एकदम बोलके झाले.

८०,००० मध्ये एकच आकडा आहे, बाकी शून्यं. असा फरक आला की एकाच रकमेतला एकच आकडा चुकीचा वाचला गेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. कोणत्या स्थानी, तेही तो सांगतो: दहा हजारांच्या. आणि खरा आकडा वाचलेल्यापेक्षा आठाने मोठा आहे. आठाचा फरक असलेल्या दोनच जोड्या आहेत, १ च्या जागी ९ किंवा ० च्या जागी ८. मग नावे रकान्यात दहा हजारांच्या स्थानी १ वाचलेल्या रकमा कोणत्या? रोख शिल्लक १८,४५०, दुकानभाडे १६,००० आणि वीजबिल १४,२८५. शून्य वाचलेला फक्त पगार, १,०८,०००. पण ८ आणि ० यांची गफलत मराठी आकड्यांत सहसा होत नाही, म्हणून तो मागे ठेवला.

सोळा ओळींपैकी तीन उरल्या. त्यातही भाडं लगेच खुपतं, कारण वर्षाचे १६,००० म्हणजे महिन्याला तेराशे तेहतीस रुपये आणि काही पैसे. असं भाडं कोण ठरवतं? ९६,००० असेल तर महिना ८,०००, सरळ हिशोब. पण इथे थांबायचं असतं. अंदाजाने कुठे पाहायचं ते कळतं, काय लिहायचं ते फोटोच ठरवतो. ती ओळ पुरती मोठी करून पाहिली, शेजारी वाहतुकीतला ९ आणि पगारातला १ ठेवून. भाड्याच्या पहिल्या आकड्याला डावीकडे फिकट बाक होता, पगारातल्या १ ला नव्हता. तो ९ च होता. रोख आणि वीजबिल या दोन ओळीही त्याच वेळी तपासल्या, तिथे १ स्वच्छ होता.

जमा बाजूचे ९००. हासुद्धा एकाच आकड्याचा फरक दिसतो, म्हणून आधी तीच चाळणी लावली. वाचलेला आकडा खऱ्यापेक्षा नवाने मोठा म्हणजे शतकस्थानी मी ९ वाचला आणि खरा ० आहे. जमा रकान्यात शतकस्थानी ९ वाचलेली एकही रक्कम नाही. म्हणजे हे कारण बाद. ९०० ला नऊने भाग जातो, उत्तर १००. शेजारचे दोन आकडे उलटे टंकले की येणाऱ्या फरकाला नेहमी नऊने भाग जातो. भागाकार १०० आला तर शतक आणि सहस्र या स्थानांची अदलाबदल झाली आहे आणि त्या दोन आकड्यांत एकाचा फरक आहे. भागाकार २०० असता तर दोनाचा असता. जमेत असा आकडा एकच: ६९,८४०, त्यात ९ आणि ८ शेजारी. फोटोत ६८,९४० होतं. हे माझ्या बोटांचं काम, काकांच्या अक्षराचा दोष नाही.

दोन्ही बाजू १२,११,५९० वर आल्या.

नऊची ही युक्ती आमच्या पहिल्या पेढीवरच्या दिवाणजींनी शिकवली. ते तिला नवाचा ताळा म्हणत आणि प्रत्येक बेरजेवर लावत. रकमेतले आकडे मिळवत मिळवत एका आकड्यावर आणायचे, नऊ आले की सोडून द्यायचे. गंमत अशी की आकडे उलटसुलट झाले तर तो ताळा तसाच्या तसा येतो आणि चूक दिसत नाही. जिथे ताळा आंधळा, तिथेच फरकाला नऊने भाग जातो. आणि आकडे कसेही आले तरी नवातल्या एका फरकाला योगायोगानेच नऊने भाग जातो, म्हणून भाग गेला की लगेच अदलाबदलीचाच निकाल देऊ नये. अजून एक शक्यता राहते: शून्य गळणं. ६०,००० ची उचल ६,००० वाचली असती तर फरक ५४,००० आला असता, त्याला नऊने भागून ६,०००. भागाकार म्हणून आपल्या तक्त्यातली एखादी रक्कमच जशीच्या तशी समोर आली, तर तिथलं शून्य शोधा.

फरक पानावरच्या एखाद्या रकमेएवढाच निघाला, तर ती ओळ सुटली आहे किंवा दोनदा आली आहे. दोन फोटोंच्या सामाईक ओळींत हे फार होतं.

जुळली, तरी एक तपासणी उरते

तिरक्या फोटोतली सगळ्यात लबाड चूक बेरजेत दिसतच नाही. समजा वीजबिलाच्या ओळीत मी वाहतुकीचे ९,१३० लिहिले आणि वाहतुकीच्या ओळीत वीजबिलाचे १४,२८५. दोन्ही नावे बाजूलाच आहेत. बेरीज तीच, मोजणी तीच, फरक शून्य. ओळ एकदा घसरली की खालची पाच-सहा नावं एकेक घर सरकतात आणि तेरीज तरीही टाचणी मारल्यासारखी जुळते.

यासाठी जुळल्यानंतर तक्ता खालून वर वाचते. वाचताना रक्कम नाही, जोडी बघते: या नावापुढे ही रक्कम शोभते का. तीन ठिकाणं हमखास बघते. पहिली ओळ, शेवटची ओळ, आणि जिथे नाव दोन ओळींत लिहिलं आहे ती जागा. 'गिऱ्हाइकांकडून' वरच्या रेघेवर आणि 'येणे' खालच्या रेघेवर असलं, की रक्कम कुठल्या रेघेवर आहे यावर सगळं अवलंबून असतं आणि घसरण तिथूनच सुरू होते.

एकाच रकान्यात एक चूक पाचशेने वर आणि दुसरी पाचशेने खाली, असंही होऊ शकतं. दुर्मीळ आहे. मोठी रक्कम असेल आणि मन खात असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटोवरून उतरवावी, पहिला तक्ता न बघता.

टॅलीतून छापलेलं पान असेल तर

छापील पानात १ आणि ९ ची भानगड नसते, पण तिथे दुसरी असते. तपशीलवार तेरजेत गटाची रक्कम ठळक आणि तिच्याखाली त्यातली खाती येतात. दोन्ही उतरवली तर रक्कम दुप्पट होते. एकतर सगळे गट घ्या, नाहीतर सगळी खाती.

शिवाय त्यात `Difference in opening balances` अशी ओळ दिसली तर सावध व्हा. सुरुवातीच्या शिलका जुळत नसतील तेव्हा टॅली तेवढा फरक स्वतःच त्या ओळीत टाकून दोन्ही बाजू सारख्या करून दाखवते. अशा पानाच्या बेरजा जुळल्या म्हणजे आपण पान नीट वाचलं, एवढंच ठरतं. पुस्तकं जुळली असं नाही.

पानच जुळत नसेल तर

दोन्ही रकाने आपापल्या बेरजेशी जुळले, पण पानावरच्या दोन बेरजाच वेगळ्या आहेत. आता चूक नक्की पानावरची. किंवा आपल्या दोन्ही बेरजा एकमेकींशी जुळतात आणि पानावरची एकच बेरीज वेगळी आहे, म्हणजे त्यांची बेरीज करताना हातचा राहिला. दुसरा प्रकार निरुपद्रवी, एका फोनमध्ये मिटतो.

पहिल्या प्रकारात आधीच्याच कसोट्या पुन्हा लागतात, फक्त यावेळी नावे आणि जमा यांच्यातल्या फरकाला. फरकाची निम्मी रक्कम पानावर सापडली तर ते खातं उलट्या बाजूला लिहिलं गेलं असण्याचा संशय. वरच्याच पानावर काकांनी कमिशनचे ६,२०० नावे बाजूला लिहिले असते तर नावे १२,१७,७९० आणि जमा १२,०५,३९० दिसली असती. फरक १२,४००, निम्मे ६,२००. पण इथे आपण संशयापुढे जायचं नाही. खातं कोणत्या बाजूचं ते खतावणी सांगते आणि खतावणी आपल्यासमोर नाही.

मी एकदा गेले होते पुढे. एका दुकानाच्या तेरजेत फरकाच्या निम्मी रक्कम उसनवारीच्या खात्यापुढे सापडली. मला वाटलं उघड आहे, मी बाजू बदलली आणि जुळवून टाकलं. ते खातं खरंच नावे बाजूचं होतं. चूक वेगळ्याच खात्यात होती आणि योगायोगाने तेवढीच. त्या दुकानदाराच्या पुतण्याने आठवडाभराने विचारलं, "ताई, आम्ही त्यांना पैसे दिलेत, तुम्ही तर आम्हालाच देणेकरी करून ठेवलंय." तेव्हापासून जुळत नसेल तर न जुळलेलंच ठेवते. फरक वेगळ्या ओळीत, पिवळा रंग, त्यापुढे संशयाच्या खात्याचं नाव. सस्पेन्स खात्यात टाकायचा की नाही हे ज्याची वही त्याने किंवा त्याच्या सीएने ठरवावं, फोटो वाचणाऱ्याने नाही.

स्टेशनरीच्या दुकानाला शेवटी मी पाठवलेला निरोप असा होता: "काका, सोळा खाती, नावे अकरा, जमा पाच. दोन्ही बाजू १२,११,५९०, पानाप्रमाणे जुळतात. दुकानभाडे ९६,००० धरलं आहे, आकडा फिका आहे, वहीत बघून हो म्हणा." दहा मिनिटांनी उत्तर आलं: "हो. पेन बदलतो."